माल, गिऱ्हाईक, महिना : पिव्हट टेबलचा हिशेब

छोट्या व्यापाऱ्याला वर्षभर तीनच प्रश्न पडतात. कोणता माल चालतोय, कोण घेतोय आणि कधी घेतोय. तिन्हीची उत्तरं त्याच्या ऑर्डरच्या शीटमध्ये असतात. पण शीट असते तारखेच्या क्रमाने, आणि प्रश्न त्या क्रमाने येत नाहीत. म्हणून मग महिनाअखेरीला कोणीतरी फिल्टर लावतो, खाली आलेली बेरीज कागदावर लिहितो, पुढचं गिऱ्हाईक निवडतो, पुन्हा बेरीज लिहितो. पंचवीस गिऱ्हाइकं आणि आठ प्रकारचा माल असेल तर या कामात रविवार जातो. पिव्हट टेबल हे काम दोन मिनिटांत करतं, इतकं आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरी ते वापरून चुकीच्या निष्कर्षावर पोचलेलेही पुष्कळ दिसतात. त्या चुका कुठे होतात आणि खरं उत्तर कसं काढायचं, याचा हा आढावा.

ही सोय काही नवी नाही. १९९१ साली आलेल्या लोटस इम्प्रूव्ह या प्रोग्रॅमात तिचं मूळ सापडतं. १९९३च्या एक्सेल ५मध्ये ती मायक्रोसॉफ्टने आणली. आज ती गूगल शीट्समध्ये आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये फुकट मिळते. या लेखातले बहुतेक सगळे मुद्दे तिन्हींना लागू आहेत. बटणांची नावं मात्र मी एक्सेलची घेतली आहेत, आणि गूगल शीट्समध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी शीट, मग पिव्हट

एक उदाहरण धरून चालू. साताऱ्यातला एक व्यापारी आहे. तो कांदा-लसूण मसाला, फरसाण आणि मोदकांची पिठी घाऊक विकतो. गिऱ्हाइकं समजण्यापुरती चारच घेऊ: एक केटरर, पेठेतलं एक दुकान, स्टँडजवळचं एक दुकान आणि एका सोसायटीचा व्हॉट्सअॅप गट. हे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. पण त्यांच्यातून जे दिसेल ते कुठल्याही शीटमध्ये दिसू शकतं.

अशा व्यापाऱ्याची शीट बहुधा आडवी वाढलेली असते. एका ऑर्डरची एक ओळ: तारीख, बिल, गिऱ्हाईक, मग 'मसाला किलो', 'फरसाण किलो', 'पिठी किलो' असे मालाचे स्तंभ आणि शेवटी बिलाची एकूण रक्कम. लिहायला ही पद्धत फार सोयीची, कारण फोनवर ऑर्डर सांगणारा तशीच सांगतो. पण पिव्हटला ती चालत नाही. त्याला 'माल' नावाचा एक स्तंभ लागतो, आणि इथे माल स्तंभात नसून स्तंभांच्या डोक्यावर आहे. शिवाय बिलाची एकूण रक्कम मालावर वाटता येत नाही, म्हणून कोणत्या मालाने किती रुपये दिले ते कळायला वाटच उरत नाही.

नियम एकच आहे: एका ओळीत एका बिलातला एकच माल. बिलात तीन जिन्नस असतील तर तीन ओळी, आणि तिन्हींत तारीख, बिल क्रमांक आणि गिऱ्हाईक पुन्हा लिहायचं. स्तंभ सात पुरतात.

| तारीख | बिल | गिऱ्हाईक | माल | किलो | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|---|---|
| ०३-०६-२०२५ | ११२ | केटरर | मसाला | २० | ४०० | ८,००० |
| ०४-०६-२०२५ | ११३ | पेठ दुकान | मसाला | ३० | ४४० | १३,२०० |
| ०४-०६-२०२५ | ११३ | पेठ दुकान | फरसाण | १० | २०० | २,००० |

तेच नाव पुन्हा लिहिणं बघून लोक वैतागतात आणि सेल मर्ज करून टाकतात. मर्ज केलेल्या सेलमध्ये नाव फक्त पहिल्या ओळीत राहतं. बाकीच्या ओळी पिव्हटमध्ये `(blank)` या नावाखाली जाऊन बसतात. मधेच घातलेल्या 'आठवड्याची बेरीज' अशा ओळीही काढून टाकायला हव्यात. पिव्हट त्यांनाही विक्रीच समजतं आणि एकूण आकडा फुगतो. बिलिंग सॉफ्टवेअरमधून विक्रीचं रजिस्टर उतरवून घेतलं की तळाशी बेरजेची ओळ हमखास येते, तिचंही तेच.

जुनी आडवी शीट फेकून द्यायची गरज नाही. एक्सेलमध्ये ती निवडून `Data` खाली `From Table/Range` घ्यायचं, तारीख, बिल आणि गिऱ्हाईक हे स्तंभ निवडायचे, उजवं क्लिक करून `Unpivot Other Columns` म्हणायचं. मालाचे स्तंभ ओळी होऊन खाली येतात, रिकाम्या जागा आपोआप गळतात. मात्र त्याआधी बिलाच्या एकूण रकमेचा स्तंभ काढून टाकावा, नाहीतर तोही एक 'माल' होऊन यादीत येतो. आणि एक मर्यादा राहतेच. जुन्या शीटमध्ये दर लिहिलेला नसेल, तर मागच्या वर्षाचं विश्लेषण किलोतच होईल, रुपयांत नाही. आजच्या दराने जुने रुपये काढणं म्हणजे स्वतःलाच फसवणं आहे.

किलोचंही एक पथ्य आहे. २०० ग्रॅमची पाकिटं आणि ५ किलोच्या पिशव्या एकाच 'नग' स्तंभात पडल्या, तर त्यांच्या बेरजेला काही अर्थ नसतो. नग लिहायचेच असतील तर लिहा, पण शेजारी वजनाचा स्तंभ ठेवा आणि बेरीज त्याची करा.

तारखेचा घोळ

सगळ्यांत जास्त नुकसान तारखेमुळे होतं, आणि ते गुपचूप होतं. आपण 25/08/2025 असं लिहितो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो आधी महिना वाचतो. पंचविसावा महिना नसतो, म्हणून ही तारीख तो नुसता मजकूर म्हणून ठेवतो. हे दिसतं तरी, कारण मजकूर सेलमध्ये डावीकडे चिकटतो आणि खरी तारीख उजवीकडे. पण 05/08/2025 लिहिलं की तो बिनतक्रार ८ मे समजतो. म्हणजे ऑगस्टच्या १ ते १२ तारखांची विक्री बारा महिन्यांत विखुरते, आणि १३ ते ३१ची विक्री कुठल्याच महिन्यात येत नाही.

ओळखायचं कसं? पिव्हटमध्ये तारखेवर उजवं क्लिक करून `Group` केलं आणि `Cannot group that selection` असा निरोप आला, तर स्तंभात कुठेतरी मजकूर आहे किंवा जागा रिकामी आहे. गटबंदी झाली, पण अजून न उजाडलेल्या महिन्यात विक्री दिसली, तर दिवस-महिन्यांची अदलाबदल झाली आहे. शीटच्या शेजारच्या रिकाम्या स्तंभात ही एक ओळ खाली ओढली की मजकूर झालेल्या तारखा `FALSE` म्हणून उघड्या पडतात:

```
=ISNUMBER(A2)
```

मजकुराच्या तारखा `Text to Columns` मध्ये `DMY` निवडून दुरुस्त होतात. अदलाबदल झालेल्या दुरुस्त करणं किचकट आहे, कारण कोणती खरी ८ मे आणि कोणती ५ ऑगस्ट हे शीट सांगत नाही; बिल क्रमांकाचा क्रम पाहूनच ठरवावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच संगणकाचा `Region` आणि गूगल शीट्समधला `Locale` भारताचा करून घ्यावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे अख्ख्या वर्षाचे महिनावार आकडे खोटे निघतात.

नावांचा घोळ त्या मानाने सोपा, कारण तो डोळ्यांना दिसतो. 'पेठ दुकान', 'पेठेतलं दुकान' आणि शेवटी एक जादा स्पेस पडलेलं 'पेठ दुकान ' या पिव्हटला तीन स्वतंत्र पार्ट्या आहेत. देवनागरीत आणखी एक खोच आहे. 'कऱ्हाड' हे नाव वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप होतं. पडद्यावर ती सारखी दिसतात, पण आतली अक्षरं निराळी असल्याने सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन नावं ठरू शकतात. यावर उपाय साफसफाईचा नाही, प्रतिबंधाचा आहे. गिऱ्हाइकांची आणि मालाची यादी वेगळ्या शीटवर ठेवा आणि `Data Validation` ने ऑर्डरच्या शीटमध्ये त्या यादीतूनच नाव निवडायला लावा. टाइप करायची मुभाच ठेवू नका.

एवढं झालं की डेटात कुठेही क्लिक करून `Ctrl+T` दाबायचं. साधी रेंज निवडून पिव्हट केलं, तर पुढच्या महिन्यात खाली भरलेल्या ओळी त्यात येत नाहीत. टेबल केलं की ते आपोआप वाढतं. एक्सेलचं पिव्हट नवे आकडे सहसा स्वतःहून घेत नाही, `Refresh` म्हणावं लागतं. ते विसरायला होतं, म्हणून `PivotTable Options` मध्ये `Refresh data when opening the file` वर खूण करून ठेवावी. गूगल शीट्स आपणहून ताजं होतं, पण तिथेही निवडलेली रेंज खालपर्यंत पोचते ना, ते पाहावं.

गिऱ्हाईक आणि महिना: रिकामी जागा वाचायची

आता `Insert`, `PivotTable`. `Rows` मध्ये गिऱ्हाईक, `Columns` मध्ये तारीख महिन्यांच्या गटात, `Values` मध्ये रक्कम. गट करताना `Months` बरोबर `Years` ही निवडायचं. नाहीतर दोन वर्षांचे जून एकाच जूनमध्ये मिसळतात. आणि `Values` मध्ये `Sum` च्या जागी `Count` आलं, तर रकमेच्या स्तंभात कुठेतरी '500 रु.' असा मजकूर किंवा रिकामी जागा असण्याची शक्यता मोठी. नुसतं `Sum` करून पुढे जाऊ नका; मजकुराची ती रक्कम बेरजेत धरलीच जात नाही.

आपल्या व्यापाऱ्याचं २०२५चं चित्र असं येतं, आकडे हजार रुपयांत:

| गिऱ्हाईक | जून | जुलै | ऑगस्ट | सप्टेंबर | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| केटरर | १८ | २४ | ४१ | ४७ | १३० |
| पेठ दुकान | २२ | २१ | २३ | २२ | ८८ |
| सोसायटी गट | ८ | १० | २६ | ९ | ५३ |
| स्टँड दुकान | १६ | १५ | ९ | | ४० |
| एकूण | ६४ | ७० | ९९ | ७८ | ३११ |

तळाची ओळ पाहिली तर सगळं छान आहे. जूनच्या ६४ हजारांवरून सप्टेंबरला ७८ हजार. पण स्टँड दुकानाच्या ओळीत सप्टेंबरची जागा रिकामी आहे, आणि या अख्ख्या तक्त्यात तीच सर्वांत मोठी बातमी आहे. पिव्हट आहे ते दाखवतं. जे घडलंच नाही त्याबद्दल ते गप्प असतं. नुसता सप्टेंबर फिल्टर करून पाहिला असता, तर स्टँड दुकानाची ओळच आली नसती, आणि तीन गिऱ्हाइकांचा तक्ता पाहून व्यापारी समाधानाने उठला असता. म्हणून गिऱ्हाइकांचं पिव्हट कधीही एका महिन्याचं पाहू नये. किमान चार-सहा महिने शेजारी शेजारी हवेत.

आता `Rows` मध्ये गिऱ्हाइकाच्या खाली माल ओढू. स्टँड दुकानाची ओळ उघडते. जूनला मसाला ११ आणि फरसाण ५. जुलैला मसाला १०, फरसाण ५. ऑगस्टला मसाला शून्य, फरसाण ९. म्हणजे गिऱ्हाईक सप्टेंबरमध्ये गेलं नाही. मसाल्यासाठी ते ऑगस्टमध्येच दुसरीकडे गेलं होतं; गणपतीच्या दिवसांत फरसाण जास्त उचललं म्हणून एकूण रकमेत ती गोष्ट निम्मी झाकली गेली. ऑगस्टच्या अखेरीला हे पाहिलं असतं, तर मसाल्याच्या दराबद्दल किंवा प्रतीबद्दल विचारायला एक महिना हातात होता. कोणत्याही आकड्यावर दोनदा क्लिक केलं की त्याच्या मागच्या मूळ ओळी नव्या शीटवर उघडतात. फोन करण्यापूर्वी त्या वाचाव्यात. शेवटचं बिल कोणत्या तारखेचं आणि कोणत्या दराचं, हे तोंडात असलं की बोलणं सोपं होतं.

दुसरी गोष्ट केटररची. आकड्यांवर उजवं क्लिक करून `Show Values As` मध्ये `% of Column Total` घ्या. जूनला केटररचा वाटा २८ टक्के होता, सप्टेंबरला ६० टक्के झाला. धंदा वाढला हे खरं, पण एका माणसाच्या भरवशावर वाढला. हा माणूस उधारी किती दिवसांची ठेवतो, ते या शीटमध्ये नाही. पिव्हट विक्री सांगतं, वसुली सांगत नाही. त्यासाठी येणे बाकीची वेगळी यादी पाहावीच लागते.

'या महिन्यात किती गिऱ्हाइकांनी माल घेतला' हा साधा प्रश्न इथे अडतो. गिऱ्हाईक हा स्तंभ `Values` मध्ये टाकून `Count` केलं, तर मिळतो तो ओळींचा आकडा. पेठ दुकानाच्या एका बिलात दोन जिन्नस असतील, तर ते दोनदा मोजलं जातं. एक्सेलमध्ये पिव्हट घालतानाच `Add this data to the Data Model` वर खूण केली, तर `Distinct Count` मिळतं. गूगल शीट्समध्ये `COUNTUNIQUE` असतं. मात्र त्या डेटा मॉडेलच्या पिव्हटमध्ये पुढे सांगितलेलं `Calculated Field` चालत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन पिव्हट करावीत.

आणखी एक अडचण तंत्राची नाही. काउंटरवरची सगळी विक्री 'रोख' या एकाच नावावर टाकलेली असेल, तर गिऱ्हाइकांच्या पिव्हटमध्ये सर्वांत मोठं गिऱ्हाईक 'रोख' निघतं आणि विश्लेषण तिथेच थांबतं. निदान नेहमी येणाऱ्यांची नावं वेगळी टाकायला सुरुवात केली पाहिजे.

माल आणि भाव

मालाचं पिव्हट बहुतेक जण रुपयांत पाहतात. मला ते अपुरं वाटतं. रुपये वाढले ते जास्त किलो गेल्यामुळे की भाव चढल्यामुळे, हे त्यातून कळत नाही. म्हणून `Values` मध्ये किलो आणि रक्कम दोन्ही ठेवायचे आणि तिसरा हवा सरासरी भाव. इथे दोन सापळे आहेत, आणि दोन्हींत भले भले अडकतात.

पहिला सापळा दराचा स्तंभ ओढून `Average` करण्याचा. वरच्या शीटमधल्या मसाल्याच्या दोन ओळी घ्या: केटररला २० किलो ४०० रुपयांनी, पेठ दुकानाला ३० किलो ४४० रुपयांनी. दरांची सरासरी येते ४२०. पण प्रत्यक्षात ५० किलोचे २१,२०० रुपये आले, म्हणजे खरा भाव ४२४. `Average` प्रत्येक ओळीला सारखाच मान देतं, मग ती पाव किलोची असो की शंभर किलोची.

योग्य मार्ग `Fields, Items, & Sets` खालच्या `Calculated Field` चा. तिथे इतकंच लिहायचं:

```
='रक्कम'/'किलो'
```

हे आधी रकमांची बेरीज करतं, मग किलोंची, आणि नंतर भागाकार. म्हणून ४२४च येतात. पण हाच गुण उलटा फिरला की दुसरा सापळा तयार होतो. शीटमध्ये रकमेचा स्तंभ नाही, म्हणून कोणी तिथेच `='दर'*'किलो'` लिहितो. पिव्हट दरांची बेरीज करतं, ८४०, तिला किलोंच्या बेरजेने, ५०ने, गुणतं आणि ४२,००० रुपये दाखवतं. खऱ्या विक्रीच्या जवळजवळ दुप्पट! ओळी जितक्या जास्त, तितका हा आकडा भरकटतो. गुणाकार नेहमी शीटमध्ये, ओळीओळीला करायचा. पिव्हटमध्ये फक्त भागाकार.

आता सरासरी भाव महिनावार लावून पाहू. जूनमध्ये मसाला ७५ किलो गेला: केटरर २०, पेठ दुकान ३०, स्टँड दुकान २५. रक्कम ३२,२००, भाव साधारण ४२९. सप्टेंबरमध्ये १०० किलो गेला: केटरर ७०, पेठ दुकान ३०. रक्कम ४१,२००, भाव ४१२. किलोमागे सतरा रुपये कमी झाले, आणि कोणाचाही दर एका पैशाने बदललेला नाही! ४४०ने घेणारा गेला आणि ४००ने घेणारा वाढला, एवढंच झालं. मालाचं पिव्हट एकटं पाहिलं, तर 'मसाल्याचा भाव पडला' असं वाटतं. शेजारी गिऱ्हाईक ठेवलं की खरं कारण दिसतं. माल, गिऱ्हाईक आणि महिना हे तीन वेगळे अहवाल नाहीत. एकात दिसलेल्या हालचालीचं कारण बहुतेक वेळा दुसऱ्यात सापडतं.

नफा मात्र यात शोधू नये. त्यासाठी शीटमध्ये प्रत्येक ओळीला खरेदीचा किंवा उत्पादनाचा खर्च हवा, आणि मिरचीचा भाव महिन्याला बदलत असताना तो प्रामाणिकपणे भरणारे व्यापारी थोडे. अंदाजाने भरलेल्या खर्चावरचा नफा पिव्हटमध्ये पैशापर्यंत नेमका दिसतो, आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक.

रक्कम करासकट लिहायची की कराशिवाय, हाही प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: कराशिवाय. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा पाकीटबंद फरसाणावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हजार रुपयांचा माल आधी १,१२०ला पडत होता, तो १,०५०ला पडू लागला. ज्यांच्या शीटमध्ये करासकट रक्कम होती, त्यांच्या पिव्हटमध्ये तेवढाच माल विकूनही ऑक्टोबरमध्ये फरसाणाची विक्री घटलेली दिसली.

महिना कोणता?

महिन्यांची तुलना मागच्या वर्षाशी करायची तर आपल्याकडे एक अडचण आहे, आणि परदेशी पुस्तकांत तिचा उपाय नसतो. आपले सण इंग्रजी महिन्यांना बांधलेले नाहीत. गणेश चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. आपल्या व्यापाऱ्याची मोदक पिठी पाहा, आकडे हजार रुपयांत:

| वर्ष | ऑगस्ट | सप्टेंबर | दोन्ही मिळून |
|---|---|---|---|
| २०२४ | १४ | ३८ | ५२ |
| २०२५ | ४९ | ६ | ५५ |

पिव्हटला 'मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी फरक' दाखवायला सांगितला, तर ऑगस्ट साडेतीनपट झालेला दिसतो आणि सप्टेंबर ८४ टक्क्यांनी आपटलेला. दोन्ही खोटं. हंगामाची वाढ आहे जेमतेम ६ टक्के. दिवाळीचं तसंच: लक्ष्मीपूजन २०२४ला १ नोव्हेंबर, २०२५ला २१ ऑक्टोबर. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आला की सगळं पुन्हा पुढे सरकतं. गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला.

यावर उपाय पिव्हटमध्ये नाही, शीटमध्ये आहे. 'हंगाम' नावाची छोटी शीट करायची. पहिल्या स्तंभात हंगाम सुरू होण्याची तारीख, दुसऱ्यात नाव, तारखा चढत्या क्रमाने. चतुर्थीच्या पंचवीस दिवस आधीपासून 'गणपती', चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापासून 'साधारण', लक्ष्मीपूजनाच्या महिनाभर आधीपासून 'दिवाळी', लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा 'साधारण'. किती दिवस आधी, ते ज्याच्या त्याच्या मालावर ठरेल. मग ऑर्डरच्या शीटमध्ये एक स्तंभ वाढवायचा:

```
=VLOOKUP(A2,'हंगाम'!$A:$B,2,TRUE)
```

शेवटचा `TRUE` महत्त्वाचा. त्यामुळे नेमकी तारीख सापडली नाही तरी तिच्या आधीची सर्वांत जवळची तारीख धरली जाते. आता पिव्हटच्या `Columns` मध्ये महिन्याऐवजी हंगाम ठेवला की दोन वर्षांचे गणपती समोरासमोर येतात. पंचांग पाहून वर्षाला पाच-सात ओळी भरायच्या, एवढाच खटाटोप.

वर्ष म्हणजे कोणतं, तेही ठरवावं लागतं. पिव्हटची `Years` गटबंदी जानेवारी ते डिसेंबर धरते. आपला हिशेब एप्रिल ते मार्च. त्यासाठी आणखी एक स्तंभ:

```
=YEAR(A2)-(MONTH(A2)<4)
```

फेब्रुवारी २०२६च्या बिलाला हे २०२५ देतं, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६. आणि तारीख म्हणजे ऑर्डरची की बिलाची? दोन्ही असतील तर बिलाची घ्या, कारण तीच जीएसटीच्या विवरणपत्राशी जुळते.

दुसरे मार्ग

पिव्हटशिवाय हेच काम `SUMIFS` ने होतं. दर महिन्याला त्याच साच्यात, त्याच क्रमाने, छापून भिंतीवर लावायचा तक्ता हवा असेल तर ते बरंही, कारण त्याला रिफ्रेश लागत नाही. पण नवं गिऱ्हाईक आलं की त्याची ओळ हाताने घालावी लागते, आणि विसरली तर बेरजेतून एक गिऱ्हाईक गायब. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या नव्या एक्सेलमध्ये `PIVOTBY` हे सूत्र आलं आहे. ते आपोआप ताजं होतं आणि नवी नावंही घेतं. जुन्या एक्सेलमध्ये ते नाही, आणि बऱ्याच दुकानांत एक्सेल जुनंच आहे. बिलिंग सॉफ्टवेअरचे तयार अहवाल एकेका बाजूने चांगले असतात. पण स्टँड दुकानाचा मसाला ऑगस्टमध्ये थांबला, हे पाहायला लागणारी तिहेरी मांडणी मनासारखी करून घ्यायची, तर शेवटी डेटा उतरवून पिव्हटच करावं लागतं. दोन माणसं वेगवेगळ्या फोनवरून ऑर्डर भरत असतील तर गूगल शीट्स घ्यावं. ओळी वाढून शीट जड झाली की एक्सेल.

फाइल कोणाला पाठवताना एक काळजी घ्या. पिव्हटच्या पोटात मूळ डेटाची प्रत असते. ऑर्डरची शीट काढून नुसता तक्ता पाठवला, तरी समोरचा आकड्यावर दोनदा क्लिक करून तुमची सगळी गिऱ्हाइकं आणि त्यांचे दर उघडू शकतो. केटररला मिळणारा ४००चा दर पेठ दुकानाच्या हाती पडायला नको असेल, तर तक्ता `Paste Values` करून किंवा पीडीएफ करून द्या.

आणि दर महिन्याला पिव्हट वाचायला बसण्यापूर्वी एक ताळा करा. त्या महिन्याचा `Grand Total` आणि जीएसटीआर-१मध्ये भरायची करपात्र विक्री शेजारी ठेवा. त्यात करमुक्त माल आणि परत आलेला माल धरायला विसरू नका. मासिक विवरणपत्राची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेची असते, म्हणजे हा आकडा तुमचा हिशेबनीस तोवर काढतोच. दोन्ही जुळले तर पुढे वाचा. जुळले नाहीत तर आधी तारखांचा स्तंभ तपासा, मग मजकूर झालेल्या रकमा, मग टेबलाबाहेर राहिलेल्या ओळी. तोवर त्या तक्त्यावरून कोणाचा दर बदलू नका आणि कोणता माल बंदही करू नका.